जांबोटीजवळचं फार्महाऊस विकायचंय, जाहिरातीत पाणी-रस्त्याचं नेमकं काय लिहू?

टिळकवाडीची_शुभा | २२ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सासऱ्यांनी २००२ साली जांबोटीच्या अलीकडे ३२ गुंठे घेतले आणि तीन वर्षांनी तिथं कौलारू घर बांधलं. जांभ्या चिऱ्याचं आहे, दोन खोल्या, पडवी आणि मागे मोरी. आता सासरे नाहीत, ह्यांच्या गुडघ्याने दगा दिलाय आणि मुलं पुण्यातून दिवाळीला आली तरी एक दिवस शेतावर जातात आणि दुसऱ्या दिवशी 'आई, नेटवर्क नाही' म्हणून परत येतात. म्हणून विकायचं ठरवलंय.

दोन महिन्यांपूर्वी एका साईटवर जाहिरात टाकली. अकरा फोन आले, चौघे बघून गेले आणि चौघांपैकी एकानेही परत फोन केला नाही. किंमत ऐकून पळाले म्हणावं तर किंमत फोनवरच सांगितली होती. जाहिरात अशी आहे:

'निसर्गरम्य परिसरात ३२ गुंठे फार्महाऊस विकणे आहे. विहीर व बोअर, २४ तास भरपूर पाणी. मेन रोडपासून फक्त ५ मिनिटं. देखभाल खर्च नगण्य. संपूर्ण शांतता. फक्त खरेदीदारांनीच संपर्क साधावा.'

ह्यात चुकतंय काय? एक गृहस्थ विहिरीत वाकून बघत होते. 'उन्हाळ्यात किती पाणी असतं?' म्हणाले. मी म्हटलं, 'आमची विहीर कधीच आटली नाही.' त्यांनी मान हलवली. साडीच्या दुकानात काहीच न घेता उठताना आपण हलवतो ना, तशी.

---

पिंट्या_नानावाडी | २२ एप्रिल, रात्री १०.०५

ताई, एका रात्रीचं भाडं किती? आम्ही आठ जण आहोत, १ मे ची सुट्टी आहे. चूल आहे काय?

---

टिळकवाडीची_शुभा | २२ एप्रिल, रात्री १०.११

भाड्याने द्यायचं नाही हो, विकायचंय.

---

अनगोळचा_अण्णा | २२ एप्रिल, रात्री १०.३०

गिऱ्हाईक न येण्याचं कारण साधं आहे. कर्नाटकात शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच घेता येते. तुमच्या फोनवाल्यांमध्ये निम्मे गोव्याचे नि पुण्याचे असणार. उतारा मागितला की गप्प होतात.

---

वकील_नाही_पण | २३ एप्रिल, सकाळी ७.१५

अण्णा, ते २०२० पर्यंत होतं. त्या वर्षी जमीन सुधारणा कायद्यातली ७९अ आणि ७९ब ही कलमं काढून टाकली. आता शेतकरी नसलेला माणूसही कर्नाटकात शेतजमीन घेऊ शकतो. तुम्ही सांगताय ती अट आजही आहे, खरं ती हद्दीपलीकडे, चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. इथून अर्ध्या तासावर कायदा बदलतो आणि लोकांच्या डोक्यात दोन्ही एकत्र शिजतात.

शुभाताई, हे एक वाक्य जाहिरातीत घाला, 'जमीन कर्नाटकात, शेतकरी दाखल्याची गरज नाही.' पुण्याच्या माणसाला ते माहीत नसतं. उतारा कन्नडमध्ये आहे, तर सोबत मराठीत कोणत्या रकान्यात काय लिहिलंय त्याचा कागद तयार ठेवा. मी ३१ वर्षं कोर्टात टायपिंग केलंय. न वाचता येणाऱ्या कागदापुढे माणूस कसा गप्प होतो ते रोज बघलोय.

---

बोअरवाले_काका | २३ एप्रिल, सकाळी ८.५०

ताई, तुमच्या जाहिरातीत पाण्याबद्दल जे लिहिलंय ते वाचून मी पण आलो नसतो.

'२४ तास भरपूर' हे सगळेच लिहितात. ज्याची विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते तो पण हेच लिहितो. आणि आपल्या खानापूर भागाची गंमत तुम्हाला माहीत आहे. पाऊस एवढा की छत्रीला गंज चढतो, खरं जमीन जांभ्याची. जांभा म्हणजे चाळण. पावसाळ्यात विहीर काठोकाठ, आत हात घालून पाणी काढावं अशी. दिवाळीनंतर पाणी उताराकडे, ओढ्याकडे झिरपत जातं आणि एप्रिल-मे मध्ये खरी विहीर दिसते. जे घेणारे आहेत त्यांना हे कोणीतरी सांगितलेलं असतं. म्हणून तो माणूस वाकून बघत होता.

त्याला शब्द नको, माप पाहिजे. ते पण मे मधलं. मे च्या पहिल्या आठवड्यात विहीर उपसा आणि किती वेळात किती भरते ते लिहून काढा. विहिरीचा व्यास किती? आणि बोअर किती फूट, पंप किती फुटावर सोडलाय?

---

टिळकवाडीची_शुभा | २३ एप्रिल, दुपारी १.२०

विहीर गोल, आतून बारा फूट, खोली बेचाळीस. बोअर २०१६ साली मारली, ३१० फूट. पंप २८० वर आहे असं राखणदार म्हणतो. मारणारा 'दोन इंच पाणी लागलं' म्हणाला होता. सासऱ्यांनी पेढे वाटले होते. दोन इंच म्हणजे नळाएवढी धार ना?

---

अनगोळचा_अण्णा | २३ एप्रिल, दुपारी १.४५

दोन इंच म्हणजे एक इंचाच्या दुप्पट. एक इंचवाली बोअर घराला पुरते, तुमची घर आणि बाग दोन्हीला. तेवढंच लिहा की.

---

बोअरवाले_काका | २३ एप्रिल, रात्री ८.३०

अण्णा, इथं तुम्ही फसला. त्यात तुमची चूक नाही, गाडीवालेच नीट सांगत नाहीत.

तो इंच पाईपच्या तोंडाचा नव्हे. बोअर मारून झाली की पाणी एका पत्र्याच्या खाचेतून सोडतात. खाच इंग्रजी व्ही सारखी, काटकोनात कापलेली. त्या खाचेत पाणी किती इंच उंच चढलं ते मोजतात. खाच वर रुंद होत जाते, त्यामुळे उंची थोडी वाढली तरी पाणी खूप वाढतं. एक इंच म्हणजे तासाला पाचशे लिटरच्या आसपास. दोन इंच म्हणजे एकोणतीसशेच्या आसपास. तीन इंच म्हणजे आठ हजार. म्हणजे दोन इंच हे एकाच्या दुप्पट नाही, साडेपाच पट.

आता दुसरी बाजू. ते माप मारलेल्या दिवशीचं. नव्या बोअरमध्ये आजूबाजूच्या भेगांत साठलेलं पाणी दोन-चार तास जोरात येतं. त्यानंतर दहा वर्षांत शेजाऱ्यांनी पाच बोअर मारल्या असतील. २०१६ चं माप आज लिहिलंत तर ते खोटं नाही, खरं ते आजचं पण नाही.

घरी करण्यासारखी चाचणी सांगतो. दोनशे लिटरचं बॅरल घ्या, बोअर रात्रभर बंद ठेवा, सकाळी पाण्याची पातळी दोरी सोडून मोजा, मग पंप चालू करा आणि प्रत्येक बॅरल भरायला किती वेळ लागतो ते वहीत मांडा. धार तुटून पंप हवा ओढायला लागला की थांबवा. पंप जळेल, तेवढं बघा.

---

चंदगडी_बाळ | २३ एप्रिल, रात्री ९.१०

पाण्यापेक्षा रस्त्याचं बघा आधी. मी तिलारी बाजूला एक घेतलं होतं. जाहिरातीत हेच होतं, मेन रोडपासून पाच मिनिटं. बघायला गेलो जानेवारीत, गाडी दारात. जूनमध्ये गेलो तर पाच मिनिटांच्या जागी तांबडी खीर. गाडी सड्यावर ठेवून चपला हातात घेऊन गेलो. पुढच्या वर्षी मधल्या शेतवाल्याने वाटेत चर मारला. कारण काय, तर आमच्या आधीच्या मालकाशी त्याचं भांडण होतं आणि ते भांडण खरेदीत मला फुकट मिळालं.

शेवटी दोन वर्षांनी तोट्यात विकलं. विकताना मी सगळं खरं सांगितलं, म्हणून दोन वर्षं लागली.

---

टिळकवाडीची_शुभा | २३ एप्रिल, रात्री १०.००

बाळासाहेब, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. डांबरी रस्त्यापासून साधारण साडेचारशे मीटर पाणंद आहे, ती गावाच्या नकाशात आहे. पुढचे अडीचशे मीटर मात्र शेजारच्या शेतातून. नऊ फुटांची वाट, बैलगाडीची. सासरे २००२ पासून त्याच वाटेने जात, आम्हीही. कोणी कधी अडवलं नाही.

---

अनगोळचा_अण्णा | २३ एप्रिल, रात्री १०.२०

मग झालं की! वीस वर्षं वहिवाट झाली म्हणजे हक्क लागला. १८८२ चा कायदा आहे. बिनधास्त लिहा, 'कायदेशीर रस्ता'.

---

वकील_नाही_पण | २४ एप्रिल, सकाळी ७.००

अण्णांनी कायदा बरोबर सांगितला, निम्मा. वीस वर्षं उघडपणे, अडथळ्याशिवाय, आणि *हक्क म्हणून* वापर पाहिजे. परवानगी घेऊन वापरलं तर वीस काय, चाळीस वर्षांनीही हक्क लागत नाही. शिवाय शेजारी नाकबूल झाला तर हक्क लागला हे कोर्टाने म्हणावं लागतं. घेणारा माणूस कोर्टाची केस विकत घ्यायला येत नाही.

शुभाताई, एक विचारतो. तुमचे सासरे त्या शेजाऱ्याला वाटेबद्दल कधी काही देत होते काय?

---

टिळकवाडीची_शुभा | २४ एप्रिल, सकाळी ९.३५

दर दिवाळीला तांदळाचं पोतं. चांगलं पन्नास किलोचं. 'वाटेचं' असंच म्हणायचे. सासरे गेल्यावर आम्हीही दोन वर्षं दिलं.

---

वकील_नाही_पण | २४ एप्रिल, सकाळी ९.५०

झालं. ते पोतं म्हणजे परवानगीची पावती. शेजाऱ्याचा वकील पहिल्या तारखेला तेच काढेल. सासरे माणूस म्हणून मोठे होते, खरं पोत्याने हक्क अडवला.

आता दोनच रस्ते आहेत. एक, शेजाऱ्याशी बसून वाटेच्या हक्काचा करार करा आणि तो सबरजिस्ट्रारकडे नोंदवा. त्यात रुंदी, लांबी, कोणत्या सर्वे नंबरातून जाते, आणि 'पुढील मालकांनाही' हे शब्द पाहिजेत. शंभराच्या बाँडवर दोन साक्षीदार घालून लिहून घेतलेल्या कागदावर विसंबू नका. रुंदी बारा फूट मागा, नऊ फुटात बोअरची गाडी किंवा चिऱ्याचा ट्रक शिरत नाही आणि घेणाऱ्याला कधीतरी दोन्ही लागणार. दुसरा रस्ता म्हणजे जे आहे तेच जाहिरातीत लिहायचं आणि किंमत त्याप्रमाणे धरायची. मसुदा मात्र खऱ्या वकिलाकडून करून घ्या, माझ्या नावातच लिहिलंय.

---

मीनल_पणजी | २४ एप्रिल, दुपारी ३.१५

मी घेणाऱ्यांच्या बाजूची. गेलं वर्षभर चोर्ला रस्त्याच्या आजूबाजूला बघतेय, सात-आठ जागा पाहिल्या. (तुमची नाही पाहिली.) 'देखभाल नगण्य' वाचलं की मला कळतं, एकतर विकणाऱ्याने घराकडे लक्ष दिलेलं नाही, नाहीतर तो खर्च लपवतोय. खरा आकडा सांगणारा अजून भेटला नाही. किती येतो हो खर्च?

---

टिळकवाडीची_शुभा | २४ एप्रिल, रात्री ८.४५

प्रामाणिकपणे सांगते, मला 'महिन्याला पाचेक हजार' वाटत होतं. आज ह्यांची जुनी वही काढून बसले. राखणदार नवरा-बायको, महिना ८,०००. म्हणजे वर्षाचे ९६,००० तिथंच गेले. पावसाआधी कौलं परतायला १४,००० गेले, कारण वानरं उड्या मारून दरवर्षी शे-दीडशे कौलं फोडतात आणि गवंडी मे महिन्यात मागेल तेवढं घेतो. पावसाळ्यानंतर गवत कापायला ९,०००. वाटेवर मुरूम टाकून घ्यायला १२,०००. वीज महिन्याला सातशेच्या आसपास धरली तर ८,४००. वाळवीचं औषध, रंग, मोरीची किरकोळ डागडुजी १०,०००. पंचायतीची पट्टी १,६००. बेरीज १,५१,०००. महिन्याला साडेबारा हजारांच्या वर!

आणि आम्ही वर्षात राहिलो किती? वहीप्रमाणे चौदा रात्री. ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, 'वही बंद कर.'

---

मीनल_पणजी | २४ एप्रिल, रात्री ९.०५

हा आकडा जाहिरातीत टाका. खरंच. माझ्यासारखी बाई त्याच आकड्यावर फोन करेल. राखणदार राहणार आहे का, तेही लिहा. नवा माणूस शोधणं हे सगळ्यात अवघड काम आहे.

---

पिंट्या_नानावाडी | २४ एप्रिल, रात्री ९.३०

चौदा रात्री तुम्ही, उरलेल्या ३५१ रात्री रिकामं. म्हणून म्हटलं भाड्याने द्या म्हणून.

---

टिळकवाडीची_शुभा | ५ मे, रात्री ९.१५

काका, चाचणी केली. शनिवार-रविवार तिथंच होते. राखणदाराची बायको माझ्याकडे वेड्यासारखी बघत होती, मी हातात वही घेऊन विहिरीच्या काठावर टॉर्च मारत बसलेली.

शनिवारी दुपारी विहिरीत सहा फूट पाणी होतं. संध्याकाळी सात वाजेपर्यंत उपसून एक फूट ठेवलं. दोरीला फुटा-फुटावर लाल चिंधी बांधली होती. रात्री दहाला साडेनऊ इंच चढलं. रविवारी पहाटे सहाला दोन फूट चार इंच. संध्याकाळी सातला तीन फूट नऊ इंच. पहिल्यांदा भराभर आणि मग हळू का होतं, विहीर दमते का?

बोअरचंही केलं. सकाळी पाणी ऐंशी फुटांवर होतं. पहिलं बॅरल चार मिनिटांत भरलं, सगळी साधारण तेवढ्यातच भरत गेली. दहा बॅरल झाली आणि पंप फुर्र फुर्र करायला लागला, बंद केला. चाळीस मिनिटांत दोन हजार लिटर. म्हणजे तासाला तीन हजार, गाडीवाल्याचे दोन इंच बरोबर निघाले ना?

---

बोअरवाले_काका | ६ मे, सकाळी ८.००

शाब्बास. चिंधीची आयडिया मी पण वापरणार.

विहीर दमत नाही. आतली पातळी आणि बाहेरच्या जमिनीतली पातळी ह्यात फरक जास्त असतो तेव्हा पाणी जोरात येतं. आत भरत गेलं की फरक कमी होतो, जोर कमी होतो. म्हणून पहिल्या तीन तासांचा आकडा आठाने गुणून चोवीस तासांचा काढायचा नाही, तसं करून लोक फसवतात. तुमची बारा फुटी विहीर, एक फूट पाणी म्हणजे ३,२०० लिटर. चोवीस तासांत पावणेचार फूट म्हणजे १२,००० लिटर. मे महिन्यात. किती झाडं आहेत?

बोअरचं मात्र गणित चुकलं. साडेसहा इंची बोअर असेल तर तिच्यात एका फुटाला साडेसहा लिटर पाणी मावतं, लक्षात ठेवायला सोपं. पाणी ८० वर, पंप २८० वर, मध्ये दोनशे फूट म्हणजे १,३०० लिटर नुसतं बोअरच्या पोटात उभं होतं. तुम्ही उपसलं २,०००. म्हणजे चाळीस मिनिटांत जमिनीतून नवं आलं ते सातशे. तासाला हजार लिटर, थोडं मागे-पुढे. बोअर मेलेली नाही, खरं २०१६ ची राहिलेली नाही.

---

टिळकवाडीची_शुभा | ६ मे, दुपारी १२.४०

नारळ बावीस आहेत, बाकी आंबा-फणसाला आम्ही पाणी देत नाही. पेढे परत मागायला पाहिजेत.

---

बोअरवाले_काका | ६ मे, दुपारी १.१५

नारळाला उन्हाळ्यात रोज पन्नास लिटर धरा, बावीसचे अकराशे. पाच माणसं राहिली तर साडेसातशे. गाडी धुणं, फुलझाडं धरून अडीच हजारांच्या आत. विहीर एकटी त्याच्या चौपटीहून जास्त देते. बोअर तुम्हाला लागतच नाही, ती राखीव म्हणून सांगा.

एक विसरू नका. गेल्या वर्षी पाऊस बरा होता. कमी पावसाच्या वर्षी हा आकडा खाली येणार, किती ते मी सांगू शकत नाही. म्हणून मापाशेजारी तारीख टाकाच. आणि मोरीचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला नाही ना? जांभ्यातून सगळंच झिरपतं.

---

टिळकवाडीची_शुभा | ६ मे, दुपारी १.३०

खालच्या अंगाला आहे, बराच लांब. सासऱ्यांनी एवढं बघितलं होतं.

---

चंदगडी_बाळ | ६ मे, रात्री ९.४०

'संपूर्ण शांतता' पण बदला. मी घेतलं तेव्हा पण हेच होतं. पहिल्याच शनिवारी शेजारच्या रिसॉर्टवर डीजे. शांतता ही वारावर असते.

---

टिळकवाडीची_शुभा | ७ मे, सकाळी १०.१०

हे मला आधी पटलं नाही. मग आठवलं, विहिरीच्या काठावर रात्र काढलीच होती, तर त्याच वहीत मागच्या पानावर मी कंटाळून आवाज लिहिले होते. नऊ वाजता गावातल्या देवळाचा भोंगा, दहापर्यंत. साडेदहाला एका मोटरसायकलचा. अकरानंतर चोर्ला रस्त्यावरचे ट्रक, चढाला गियर बदलल्याचे, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक, लांबून. दोन वाजता काहीतरी जड पाचोळ्यातून चाललं. राखणदार सकाळी म्हणाला, गवा. खूर उमटले होते, माझ्या पंज्याएवढे. बाकी रातकिडे.

---

मीनल_पणजी | ७ मे, सकाळी ११.००

ही यादीच टाका ना जाहिरातीत!

---

अनगोळचा_अण्णा | ७ मे, सकाळी ११.२०

गवा लिहिलात तर कोण येणार? विकायचंय की जंगल सफारी?

---

टिळकवाडीची_शुभा | १२ मे, रात्री १०.००

नवीन जाहिरात टाकली. फोटो पण बदलले. जुने सप्टेंबरचे होते, सगळं हिरवंगार. आता मे मधले टाकलेत, गवत वाळलेलं आणि विहिरीत चिंधी बांधलेली दोरी. प्रत्येकाखाली तारीख.

'जांबोटीच्या अलीकडे ३२ गुंठे शेतजमीन आणि जांभ्या चिऱ्याचं दोन खोल्यांचं कौलारू घर (२००५) विकणे आहे. जमीन कर्नाटकात, शेतकरी दाखला लागत नाही. घर शेतजमिनीवर आहे, एन.ए. नाही.

पाणी: बारा फुटी विहीर. ३-४ मे रोजी उपसून मोजली, चोवीस तासांत १२,००० लिटर भरली. घर आणि २२ नारळांना रोज अडीच हजार पुरतात. बोअर ३१० फूट, सध्या तासाला साधारण १,००० लिटर, राखीव. मोजल्याची वही दाखवू. कोणत्याही मे मध्ये येऊन स्वतः मोजून बघा.

रस्ता: डांबरी रस्त्यापासून ४५० मीटर नकाशातली पाणंद, पुढे २५० मीटर शेजारच्या शेतातून ९ फुटी वाट. ही वाट आजवर शेजाऱ्याच्या संमतीने आहे, नोंदणीकृत हक्क नाही, तशी बोलणी चालू आहेत. जून ते सप्टेंबर छोटी गाडी शेवटच्या टप्प्यात जात नाही, जीप जाते.

खर्च: वर्षाला सुमारे दीड लाख, त्यात राखणदार जोडप्याचे ९६,०००. ते राहायला तयार आहेत. हिशेबाची वही बघायला मिळेल.

शांतता: रात्री दहापर्यंत गावातला भोंगा, नंतर लांबून ट्रक. गवे आणि वानरं येतात. मोबाईलला रेंज फक्त पडवीच्या उजव्या कोपऱ्यात. शनिवारी रात्री राहून बघा, चहा-भाकरी आमची.'

---

वकील_नाही_पण | १३ मे, सकाळी ७.०५

'बोलणी चालू आहेत' हे खरं आहे की लिहिलंय?

---

टिळकवाडीची_शुभा | १३ मे, सकाळी ९.००

खरं आहे. शेजारचे आजोबा तयार आहेत, 'तुमच्या सासऱ्याच्या शब्दाखातर' म्हणाले. पण जमीन तिघा भावांच्या नावावर आहे आणि धाकटा गोव्यात असतो, तो गणपतीला येतो. तो म्हणे वाटेचे पैसे मागणार. किती, ते आजोबांना माहीत नाही. बारा फुटांचं काढलं तेव्हा ते ऐकू न आल्यासारखं करून शेंगा सोलत बसले.

---

वकील_नाही_पण | १३ मे, सकाळी ९.२०

तिघांच्याही सह्या लागतील. गणपतीपर्यंत थांबता येत असेल तर थांबा. नाहीतर ते पैसे किमतीतून वजा करूनच बोला.

---

अनगोळचा_अण्णा | १३ मे, सकाळी १०.००

माझ्या मते तुम्ही स्वतःच्याच जाहिरातीचा पंचनामा केलाय. फोन किती आले?

---

टिळकवाडीची_शुभा | १९ मे, रात्री ८.३०

तीन. आधी दोन महिन्यांत अकरा होते. पण तिघांनीही वाटेबद्दल आणि वहीबद्दल विचारलं, एकानेही 'लास्ट प्राईस किती' नाही विचारलं. एक शनिवारी येऊन राहून गेले, विहिरीत चिंध्या मोजल्या, अजून काही बोलले नाहीत.

---

मीनल_पणजी | १९ मे, रात्री ९.००

ह्या शनिवारी मी येऊ का? नवरा आणि मी. वाटेचं गणपतीपर्यंत थांबायला आमची हरकत नाही, बघायचं तर पाऊस लागायच्या आत बघायचंय. छोटी गाडी आहे. गव्यांचं खरंच का हो?

---

टिळकवाडीची_शुभा | १९ मे, रात्री ९.१०

या ना. फणस पिकायला लागलेत, त्यामुळे येतीलच. गाडी फणसाखाली लावू नका, घराच्या मागे लावा.